सीमा ठरलेली, स्थिरांक शोधायचे: श्रेणीविस्ताराने a, b, c कसे काढावेत

सीमेच्या नेहमीच्या गणितात फल दिलेले असते आणि उत्तर काढायचे असते. इथे उलटे आहे. उत्तर आधीच सांगून टाकलेले असते आणि फलातले काही सहगुणक लपवलेले असतात. हे उदाहरण घ्या:

```
lim (x→0)  [ a sin x + b x cos x + c x³ ] / x⁵  =  1/10
```

a, b, c किती?

असे गणित समोर आले की बहुतेकांचा हात आपोआप लोपितालच्या नियमाकडे जातो. त्या वाटेनेही उत्तर येते, पण छेदात x⁵ आहे म्हणजे अंशाचे पाच वेळा विकलन करावे लागणार. त्यातही x cos x सारखा गुणाकार असला की दर पायरीला पदे वाढत जातात, आणि प्रत्येक वेळी 'आता अंश शून्य होतो ना?' हे तपासावे लागते. श्रेणी वापरली तर तेच काम एका नजरेत मावते. शिवाय उत्तर असे का आले, प्रश्नाला उत्तर आहे की नाही, आणि ते एकच आहे का, हेही दिसते.

श्रेणी कुठपर्यंत लिहायची

दोनच श्रेणी लागतात. केरळातल्या माधवाच्या परंपरेत त्या न्यूटनच्या बऱ्याच आधी माहीत होत्या. आज त्या आपल्याला अशा पाठ असतात:

```
sin x = x − x³/6 + x⁵/120 − x⁷/5040 + ...
cos x = 1 − x²/2 + x⁴/24 − x⁶/720 + ...
```

इथे x रेडियनमध्ये आहे. अंशांत कोन घेतला तर या श्रेणीच खोट्या ठरतात. पुढे पडताळा घेताना कॅल्क्युलेटर कोणत्या मोडवर आहे ते पाहायला विसरू नका.

लेखणी टेकवण्याआधी एक गोष्ट ठरवा: छेदाचा घात किती? इथे पाच. म्हणून अंशातले प्रत्येक पद x⁵ पर्यंत लिहायचे. एकही घात कमी नाही, आणि एखादे पद पुढे, दुसरे मागे असेही नाही. cos x ला बाहेर x ने गुणलेले आहे, त्यामुळे cos x ची श्रेणी x⁴ पर्यंत घेतली की x cos x आपोआप x⁵ पर्यंत पोहोचतो:

```
sin x   = x − x³/6 + x⁵/120 − ...
x cos x = x − x³/2 + x⁵/24  − ...
```

या ओळी एकाखाली एक, घात जुळवून लिहा. हा केवळ टापटिपीचा भाग नाही. सहगुणक गोळा करताना उभ्या रकान्यात नजर फिरवता आली, तर चिन्हांची चूक निम्म्याने कमी होते.

घातवार गोळाबेरीज

आता पहिली ओळ a ने, दुसरी b ने गुणा, c x³ मिळवा आणि समान घात एकत्र करा:

```
x  चा सहगुणक :  a + b
x³ चा सहगुणक :  −a/6 − b/2 + c
x⁵ चा सहगुणक :  a/120 + b/24
```

सम घात कुठेच नाहीत. sin x विषम फल आहे, x cos x विषम, x³ सुद्धा विषम; तिघांची बेरीज विषमच राहणार. ही समता सुरुवातीलाच पाहायची सवय लावून घ्या, कारण त्यामुळे अर्धा हिशेब न करताच संपतो. तिचा आणखी एक मोठा उपयोग पुढे येईल.

पूर्ण अंशाला x⁵ ने भागले की हे मिळते:

```
(a + b)/x⁴ + (−a/6 − b/2 + c)/x² + (a/120 + b/24) + (x² असलेली पुढची पदे)
```

या ओळीचे तीन भाग पडतात. मधले स्थिर पद ही होऊ घातलेली सीमा आहे. उजवीकडच्या पदांत x² किंवा त्याहून वरचा घात आहे, ती शून्याकडे जातात. सीमेवर त्यांचा काही परिणाम नाही. डावीकडची दोन पदे मात्र x शून्याजवळ जाताना अमर्याद वाढतात, आणि सीमा सांत असायची तर ती नाहीशी व्हायला हवीत.

'नाहीशी व्हायला हवीत' हे बहुतेक जण गृहीत धरून पुढे जातात. पण ती दोन्ही वाढणारी पदे एकमेकांना काटून का टाकणार नाहीत? एक धन, एक ऋण असेल तर? याचे उत्तर सोपे आहे. सीमा L सांत आहे असे समजा आणि संपूर्ण राशीला x⁴ ने गुणा. सांत सीमा गुणिले शून्याकडे जाणारी राशी, म्हणजे गुणाकार शून्याकडे जायलाच हवा. पण वरच्या ओळीला x⁴ ने गुणले तर a + b शिल्लक राहतो आणि बाकी सगळे शून्याकडे जाते. म्हणून a + b = 0. ते पद गेल्यावर हाच युक्तिवाद x² ने गुणून पुन्हा करा, दुसरा कंसही शून्य ठरतो. वाढीचा वेग वेगळा असल्यामुळे 1/x⁴ ला 1/x² कधीच काटू शकत नाही. वर्णनात्मक उत्तर लिहायचे असेल तर 'सीमा सांत असण्यासाठी' एवढे शब्द या पायरीवर लिहाच. त्यांच्याशिवाय पुढची समीकरणे हवेतून आल्यासारखी वाटतात.

आता समीकरणे सोडवायची:

```
a + b = 0
−a/6 − b/2 + c = 0
a/120 + b/24 = 1/10
```

पहिल्यावरून b = −a. ते तिसऱ्यात घाला:

```
a/120 − 5a/120 = −a/30 = 1/10   ⇒   a = −3,  b = 3
```

दुसऱ्यावरून c = a/6 + b/2 = −1/2 + 3/2 = 1. म्हणजे a = −3, b = 3, c = 1. c चा मान शेवटी काढला, कारण तो एकाच समीकरणात आहे आणि त्याचे काम फक्त x³ चे पद मारणे एवढेच आहे. असा स्थिरांक ओळखून बाजूला ठेवला की उरलेले गणित लहान होते.

पडताळा, आणि कॅल्क्युलेटरचा सापळा

आलेले मान मूळ राशीत घालून x ला लहान किंमत देऊन पाहायची, हा पडताळा उघड आहे. पण 'लहान' म्हणजे किती लहान? इथे बरेच जण फसतात. x = 0.0001 घेतले तर अंशातली मोठी पदे साधारण 0.0003 इतकी आहेत, आणि त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन उरणारी खरी किंमत 10⁻²¹ च्या आसपास. कॅल्क्युलेटर दहा-बारा सार्थ अंक धरतो. संगणकाची नेहमीची दशांश संख्याही सोळाच्या जवळपास अंकच धरते. एवढ्या बारीक फरकाला त्यात जागाच नसते. पडद्यावर शून्य तरी दिसेल किंवा काहीतरी भलतीच संख्या, आणि बरोबर आलेले उत्तर चूक समजून खोडले जाईल.

म्हणून x खूप लहान घेऊ नका. x = 0.5 घ्या:

```
sin 0.5 = 0.4794255,  cos 0.5 = 0.8775826
अंश  = −1.4382766 + 1.3163738 + 0.125 = 0.0030972
छेद  = 0.03125
भागाकार ≈ 0.09911
```

0.1 च्या जवळ आहे, पण 0.1 नाही. मग बरोबर की चूक? हा प्रश्न श्रेणीच सोडवते. एक पद पुढे जा. x⁷ चा सहगुणक −a/5040 − b/720 आहे; आपले मान घातले तर तो 3/5040 − 3/720 = −1/280. म्हणजे शून्याजवळ राशी साधारण 1/10 − x²/280 अशी वागते. x = 0.5 ला हे 0.1 − 0.00089 = 0.09911 येते. प्रत्यक्ष भागाकाराशी पाचव्या दशांश स्थळापर्यंत जुळते. एवढे जुळल्यावर उत्तराबद्दल शंका उरायचे कारण नाही. हा पडताळा मला सर्वांत भरवशाचा वाटतो: नुसते 'जवळ आले' यावर न थांबता, किती दूर असायला हवे होते तेही आधी सांगायचे आणि तेवढेच दूर आहे का ते पाहायचे.

एक पद आधी थांबलो तर

या प्रकारातली सर्वांत जास्त दिसणारी चूक मुद्दाम करून पाहू. समजा sin x = x − x³/6 इतकेच लिहिले, पण x cos x मात्र x⁵/24 पर्यंत नेले. मग x⁵ च्या रकान्यात एकटा b/24 राहतो. त्यावरून b = 12/5, a = −12/5, आणि c = −2/5 + 6/5 = 4/5. पहिली दोन समीकरणे नीट सुटली, अपूर्णांकही वावगे दिसत नाहीत. पाहणाऱ्याला काहीच खटकणार नाही.

पण x = 0.5 घालून पाहा. राशी 0.0793 येते. या a, b, c साठी खरी सीमा −a/30 = 0.08 आहे, 0.1 नव्हे. गंमत म्हणजे अनंतात पळणारी पदे दोन्ही वेळा व्यवस्थित कटली, म्हणून सीमा सांत आली. चुकला तो फक्त तिचा आकडा. त्यामुळे 'सीमा सांत आली ना, मग झाले' एवढ्यावर समाधान मानू नका.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे बेरजेच्या आत sin x च्या जागी सरळ x लिहिणे. sin x आणि x यांचे गुणोत्तर 1 कडे जाते हे खरे, पण त्याचा वापर गुणाकार-भागाकारात चालतो, बेरीज-वजाबाकीत नाही. मोठी पदे एकमेकांना काटणार हे जिथे ठाऊकच आहे, तिथे उत्तर त्यांच्या मागे राहिलेल्या बारीक पदांत असते, आणि x लिहिताना आपण नेमकी तीच फेकून देतो.

उत्तर असणार की नाही, हे आधी ओळखणे

स्थिरांक किती आणि अटी किती, हे मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही. वरच्या गणितात तीन अज्ञात होते आणि अटीही तीन: दोन पदे मारायची, तिसऱ्याला दिलेली किंमत द्यायची. आता c x³ काढून टाका:

```
lim (x→0)  [ a sin x + b x cos x ] / x⁵  =  1/10
```

अज्ञात दोन, अटी तीन. x च्या अटीने a + b = 0, x³ च्या अटीने a + 3b = 0. दोन्ही मिळून a = b = 0, आणि मग अंश सगळाच शून्य, सीमाही शून्य. 1/10 कधीच मिळणार नाही. म्हणजे असे स्थिरांकच नाहीत, आणि हेच प्रश्नाचे उत्तर. छेदात x⁵ ऐवजी x³ असता तर मात्र अटी दोनच राहिल्या असत्या: b = −a, आणि −a/6 + a/2 = a/3 ही सीमा. मग दिलेली किंमत कोणतीही असो, a तिच्या तिप्पट घ्यायचा.

आता समतेचा राहिलेला उपयोग. मूळ गणितात छेद x⁴ केला तर? अंश विषम, छेद सम, म्हणजे राशी विषम. विषम राशीला शून्याजवळ दोन्ही बाजूंनी एकच सांत सीमा असेल तर ती शून्यच असते, कारण डावीकडून −L येते आणि उजवीकडून L. प्रश्नात शून्याखेरीज दुसरी किंमत दिली असेल तर तिथेच थांबावे. शून्य दिली असेल तर a + b = 0 आणि −a/6 − b/2 + c = 0 एवढ्याच अटी उरतात. मग b = −a, c = −a/3, आणि a कोणताही: उत्तरे असंख्य. छापील प्रश्नातही कधी कधी छेदाचा घात चुकलेला असतो. समीकरणे जुळत नाहीत म्हणून आपल्याच हिशेबाला दोष देण्याआधी समता पाहून घ्यावी.

छेदात साधा घात नसेल तर

छेदात x² sin³x असा गुणाकार असेल तर त्याचे पहिले पद x⁵ आहे, आणि पुढची पदे x⁷ पासून सुरू होतात. अंश x⁵ पासून सुरू होणार असे आपण ठरवलेच आहे, म्हणून छेदाच्या जागी सरळ x⁵ लिहिले तरी सीमा बदलत नाही. गुणाकारात चालते असे वर म्हटले ते हेच.

छेदात वजाबाकी असेल तर तिचाही विस्तार करून पहिले न कटलेले पद शोधायचे. उदाहरणार्थ,

```
lim (x→0)  [ a sin x + b x cos x ] / (x − sin x)  =  2
```

छेदाचे पहिले पद x³/6. म्हणजे अंश x³ पर्यंत न्यायचा, b = −a ठेवायचा, आणि (a/3) ÷ (1/6) = 2a ही सीमा. ती 2 हवी, म्हणून a = 1, b = −1. इथे घाईत 1/6 ने भागण्याऐवजी गुणले जाते आणि उत्तर छत्तीस पटीने चुकते, तेवढे सांभाळा.

x शून्याकडे न जाता दुसऱ्या कुठल्या बिंदूकडे जात असेल तर आधी बिंदू सरकवून घ्या. x→π असेल तर t = x − π धरा. sin x = −sin t होतो, आणि [a sin x + b(x − π)]/(x − π)³ ही राशी (−a sin t + b t)/t³ अशी दिसू लागते. मग b = a आणि सीमा a/6. चिन्ह बदलले आहे हे न पाहता b = −a लिहिले की पहिलेच पद कटत नाही.

स्थिरांक कोनाच्या आत असेल तर

आतापर्यंत a, b, c बाहेरून गुणलेले होते, त्यामुळे समीकरणे रेषीय होती. स्थिरांक कोनात शिरला की हे बदलते:

```
lim (x→0)  [ cos(ax) − 1 + b x² ] / x⁴  =  2/3
```

cos(ax) च्या विस्तारात x च्या जागी ax लिहायचा, घात a लाही लागतो:

```
cos(ax) = 1 − a²x²/2 + a⁴x⁴/24 − ...
```

स्थिर पद −1 ने कटले. x² चा सहगुणक b − a²/2, तो शून्य हवा. x⁴ चा सहगुणक a⁴/24, तो 2/3 हवा. म्हणून a⁴ = 16, वास्तव उत्तरे a = 2 किंवा a = −2, आणि दोन्ही वेळा b = 2. कोसाइन सम असल्यामुळे a चे चिन्ह त्याला कळतच नाही, म्हणून इथे दोन्ही उत्तरे लिहायला हवीत. प्रश्नात a > 0 असे दिले असेल तरच एक सोडता येते.

या प्रकारात अज्ञात आणि अटी यांची मोजणी जुळली तरी उत्तराची खात्री नसते. वर दोन अज्ञात आहेत, दोन अटी आहेत, पण उजवीकडे 2/3 ऐवजी −2/3 दिले असते तर a⁴ ऋण व्हायला हवा होता, आणि कोणताही वास्तव a ते करू शकत नाही. sin(ax) − bx भागिले x³ घेतले तर ही अडचण येत नाही: b = a, सीमा −a³/6, आणि घनमूळ ऋण संख्येचेही निघते, तेही एकच.